घड्याळाचा टच भरकटला? रिस्टार्ट सगळ्यात शेवटी

आमच्या आत्याचं स्मार्टवॉच रोज सकाळी साडेसातच्या सुमाराला अंगात आल्यासारखं करायचं. डायल आपोआप बदलायचा, मधेच गाणं सुरू व्हायचं, एकदा तर मला फोन लागला आणि पलीकडून नुसता भांडी घासल्याचा आवाज. बरं, तिने बोट टेकवलं तर मात्र घड्याळ ढिम्म. दुपारी बाराला बघावं तर सगळं सुतासारखं सरळ. तिने तीनदा रिस्टार्ट करून पाहिलं, शेवटी वैतागून फॅक्टरी रीसेट केलं, फोनशी पुन्हा जोडताना अर्धा दिवस घालवला आणि दुसऱ्या दिवशी साडेसातला पुन्हा तोच खेळ.

घड्याळ बिघडलेलं नव्हतं. रिस्टार्ट हाही उपाय चुकीचा नव्हता, फक्त तो चुकीच्या वेळी केला जात होता. टच ऐकत नाही किंवा आपलाआपण चालतो, या दोन्ही तक्रारींत पुढच्या क्रमाने गेलात तर बहुतेक घड्याळं घरीच ताळ्यावर येतात. जी येत नाहीत, त्यांचं नेमकं काय बिनसलंय तेही याच क्रमात कळतं.

काचेखाली चालतं काय

एवढं समजून घेतलं की पुढच्या पायऱ्या पाठ कराव्या लागत नाहीत. काचेच्या खाली डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक तारांची आडवी-उभी जाळी असते. तिच्यात विजेचा अगदी क्षीण भार फिरत असतो. बोट जवळ आलं की त्यातला थोडा भार बोटाकडे ओढला जातो आणि घड्याळातली चिप तो फरक मोजून ठरवते, की इथे स्पर्श झाला. म्हणजे टचला दाब कळतच नाही. काचेवर जोर लावून काही फायदा नसतो तो त्यामुळे.

फरक मोजायचा तर तुलनेला काहीतरी हवं. ते असतं ‘काचेवर काहीही नाही’ या अवस्थेचं मोजमाप. त्याला आपण कोरी पाटी म्हणू. चिप ही पाटी घड्याळ सुरू होताना आखून घेते आणि नंतरही हळूहळू तिच्यात दुरुस्त्या करत राहते.

आता पाणी. पाण्यालाही भार ओढून घेता येतो. काचेच्या मधोमध एकटा बसलेला छोटा थेंब फारसा त्रास देत नाही, नव्या घड्याळांच्या चिप त्याला बऱ्यापैकी ओळखतात. पण तोच थेंब पसरून घड्याळाच्या धातूच्या कडेला किंवा मनगटाच्या कातडीला टेकला, की चिपच्या दृष्टीने ते बोटच झालं. घाम आणि साबणाचं पाणी तर आणखी वाईट, कारण त्यातल्या क्षारांमुळे वीज सहज वाहते. शिवाय काचेवर पाण्याचा पातळ थर असताना खरं बोट टेकवलं, तर त्याचा परिणाम थरभर पसरतो आणि स्पर्श नेमका कुठे झाला ते चिपला ठरवता येत नाही. मग ती तो सोडूनच देते. ‘आपोआप चालतं’ आणि ‘ऐकतच नाही’ या दोन्ही तक्रारी एकाच ओल्या काचेवर एकत्र दिसतात त्या यामुळे.

पहिली पायरी: घड्याळ हातातून काढा

भरकटलेलं घड्याळ मनगटावर ठेवून त्याच्याशी झटापट करू नका. कुणाला तरी फोन लागेल, मेसेज जाईल. त्याहून त्रासाचं म्हणजे पासकोडची पाटी समोर असेल तर घड्याळ स्वतःच चुकीचे आकडे दाबत सुटतं. काही घड्याळांत ठरावीक चुकांनंतर थोडा वेळ कुलूप पडतं आणि तशी सेटिंग चालू असेल तर दहा चुकांनंतर माहिती पुसली जाते. पट्टा सोडा, घड्याळ कोरड्या कापडावर ठेवा. बाजूची बटणं टचवर अवलंबून नसतात, त्यामुळे उघडलेल्या ॲपमधून बाहेर पडायला बटण वापरा.

दुसरी पायरी: पुसा, पण नीट

बाहीला घासून पुसणं हा आपल्या सगळ्यांचा रिवाज आहे आणि तो पुरत नाही. घाम, सनस्क्रीन, साबण यांचा तेलकट-खारट पापुद्रा त्याने निघत नाही, काचभर नुसता पसरतो. आधी मऊ कापड साध्या पाण्यात भिजवून, घट्ट पिळून काचेवरून फिरवा. मग चष्मा पुसायच्या कोरड्या कापडाने काच पुसा. मध्यापेक्षा कडेकडे जास्त लक्ष द्या. काच आणि धातू जिथे मिळतात त्या खाचेत पाण्याची बारीक रेघ धरून राहते आणि खरा त्रास तीच देते. घड्याळ तिरकं करून उजेडात धरलंत तर ती चमकताना दिसेल. घड्याळाची मागची बाजू, पट्ट्याच्या आतली बाजू आणि स्वतःचं मनगटही पुसून घ्या.

स्पीकरच्या भोकात पाणी शिरलं असेल तर ती बाजू खाली करून कापडावर हलकेच टेकवा आणि काही तास तसंच ठेवा. भोकात टाचणी घालू नका. हेअर ड्रायरही नको, कारण गरम हवेने पाणी रोखणारं रबर आणि गोंद सैल पडतो. तांदळाच्या डब्याचा उपाय सगळ्यांना माहीत असतो, पण त्यातली पावडर भोकांत बसते, याखेरीज त्याने काही साधत नाही.

पुसल्यावरही काचेवर धुकं किंवा थेंब दिसतोय आणि बोट फिरवलं तरी तो हलत नाही, असं झालं तर तो काचेच्या आत आहे. याचा अर्थ पाणी रोखणारी कड निकामी झाली. असं घड्याळ बंद करा, चार्जिंगला लावू नका आणि पुढच्या पायऱ्या सोडून सरळ दुरुस्तीला न्या.

तिसरी पायरी: स्क्रीन गार्ड आणि कव्हर उतरवा

इथे जरा थांबू, कारण आत्याच्या घड्याळाचं दुखणं इथेच होतं.

तिच्या घड्याळावर काच असलेलं पूर्ण कव्हर होतं, म्हणजे प्लास्टिकची चौकट आणि तिच्यातच बसवलेली टेम्पर्ड ग्लास. असलं कव्हर घड्याळाच्या काचेला कुठेच चिकटलेलं नसतं, नुसतं वर टेकलेलं असतं. मधे हवेची फट राहते. मी कव्हरचा एक कोपरा मागच्या बाजूने अंगठ्याने ढकलून ते सोडवलं. आत खालच्या उजव्या कोपऱ्यात चंद्रकोरीएवढा पाण्याचा डाग होता आणि त्याच्या कडेला वाळलेल्या साबणाची पांढरी रेघ. वरून कितीही पुसलं तरी तिथवर कापड पोचणारच नव्हतं. रोज सकाळी अंघोळ आणि मग भांडी, म्हणजे त्या फटीत ताजं पाणी. दुपारपर्यंत ते पट्ट्याच्या बाजूने सुकत यायचं आणि घड्याळ ‘बरं व्हायचं’. वेळेचा हा हिशेब आधी नीट मांडला असता तर कव्हर न काढताही उत्तर सापडलं असतं. त्रास अंघोळ, व्यायाम, पाऊस यांच्यानंतर वाढतो आणि तासा-दोन तासांनी आपसूक ओसरतो का, एवढंच बघायचं. तसं होत असेल तर सॉफ्टवेअरला दोष देण्याआधी पाणी कुठे अडकतंय ते शोधा.

ती फट कोरडी असली तरी उपद्रव देते. हवेतून बोटाचा परिणाम काचेतून पोचतो त्यापेक्षा फार कमी पोचतो, त्यामुळे अर्धे टॅप वाया जातात. पाण्यातून उलट तो हवेच्या जवळजवळ 80 पट जोरात पोचतो. म्हणजे एकाच काचेखाली कोरड्या भागात घड्याळ बहिरं आणि ओल्या भागात हळवं. फक्त कडेला गोंद असलेल्या टेम्पर्ड ग्लासचीही हीच गत होते, विशेषतः काचेची कड वळलेली असेल तर.

चिकटवलेली फिल्म किंवा काच काढताना कोपरा नखाने उचला. नख शिरत नसेल तर त्या कोपऱ्यावर चिकटपट्टी दाबून ओढा. ब्लेड किंवा सुरी अजिबात नको, तिने काचेवरचा गुळगुळीत थर ओरबाडला जातो आणि कडेचं रबरही फाटू शकतं. कोपरा सुटला की गार्ड वर न उचलता काचेला जवळजवळ समांतर ठेवून सावकाश मागे ओढा. निघाल्यावर गोंदाचे अवशेष पुसा आणि घड्याळ 15-20 मिनिटं उघडंच सुकू द्या.

आता बोट कोरडं करून घड्याळ तपासा. कॅल्क्युलेटर उघडा आणि 1 ते 9 आकडे ओळीने प्रत्येकी पाच वेळा दाबा. कुठला आकडा किती वेळा उमटला ते कागदावर लिहून ठेवा. ही तपासणी घड्याळ हातात घालून किंवा त्याची धातूची चौकट दुसऱ्या हाताने धरून करायची. टेबलावर मोकळं पडलेलं घड्याळ शरीरापासून तुटलेलं असतं, त्यामुळे चांगल्या घड्याळातही टच थोडा मंद वाटू शकतो आणि आपण उगाच घाबरतो. आत्याच्या बाबतीत कव्हर असताना खालच्या उजव्या बाजूचा 3 हा आकडा पाचातून एकदा उमटत होता आणि दोनदा न दाबताच आला. कव्हर काढून, पुसून, सुकवल्यावर नऊच्या नऊ आकडे पाचपैकी पाच.

चौथी पायरी: आता रिस्टार्ट

आता, म्हणजे काच कोरडी, उघडी आणि तिला काहीही टेकलेलं नाही, अशा वेळी. ती कोरी पाटी आठवा. घड्याळ सुरू होताना काचेवर थेंब असेल तर काही घड्याळांची चिप त्या थेंबासकट पाटी आखते. मग तुम्ही थेंब पुसता आणि तिच्या हिशेबात तिथे काहीतरी उणं पडतं. ती जागा थोडा वेळ चमत्कारिक वागते. ओल्या हाताने तीनदा रिस्टार्ट करूनही आत्याच्या पदरात काही पडलं नाही, यात नवल नाही.

घड्याळ हातातून काढून, पडदा वर करून ठेवा आणि चार्जरवरून उतरवा. ॲपल वॉच तर चार्जरवर असताना रिस्टार्ट होतच नाही. टच थोडा तरी चालत असेल तर नेहमीच्या पद्धतीने बंद करून चालू करा. टच मुळीच ऐकत नसेल तर बंद करायची पट्टी सरकवणारच कशी? तेव्हा बटणांनी सक्तीचा रिस्टार्ट करायचा. ॲपल वॉचमध्ये बाजूचं बटण आणि गोल डिजिटल क्राउन, दोन्ही एकदम, ॲपलचा लोगो दिसेपर्यंत निदान 10 सेकंद दाबून ठेवा. एकटं बाजूचं बटण फार वेळ दाबून ठेवलंत तर आणीबाणीच्या कॉलची उलटगिनती सुरू होऊ शकते, म्हणून दोन्ही एकदम. सॅमसंग गॅलक्सी वॉचमध्ये वरचं आणि खालचं बटण एकत्र 7 सेकंदांहून जास्त. एकाच बटणाच्या साध्या घड्याळांत बहुधा तेच बटण बराच वेळ दाबून धरावं लागतं, पण त्यातही काहींमध्ये SOS त्याच बटणावर असतं, तेव्हा आधी माहितीपुस्तिका बघा. अपडेट चालू असताना सक्तीचा रिस्टार्ट करू नका.

घड्याळ पूर्ण सुरू होऊन डायल दिसेपर्यंत काचेला हात लावायचा नाही. नंतर कॅल्क्युलेटरची तीच तपासणी पुन्हा करा आणि आकडे आधीच्या कागदाशी ताडून बघा.

एवढ्यानंतरही घड्याळ कोरडं असताना भरकटत असेल तर सॉफ्टवेअर अपडेट आलंय का पाहा. हा नुसता उपचार म्हणून सांगत नाही. ॲपलने 2024 मध्ये watchOS 10.4 देताना, काही घड्याळांवर आपोआप होणारे खोटे स्पर्श त्यात दुरुस्त केल्याचं स्वतः नोंदवलं होतं. म्हणजे पाणी नाही, गार्ड नाही, तरी टच भरकटतो असं होऊ शकतं आणि तो अपडेटने सुटूही शकतो. फॅक्टरी रीसेट मात्र मी अगदी शेवटी ठेवीन. त्याने पाणी सुकत नाही.

पुन्हा होऊ नये म्हणून

पाण्यात हात घालण्याआधी वॉटर लॉक लावा. ॲपल वॉचच्या कंट्रोल सेंटरमध्ये थेंबाचं चिन्ह असतं, गॅलक्सी वॉचमध्ये वरून खाली बोट ओढलं की Water lock दिसतं. याबद्दल एक गैरसमज फार पसरलाय. वॉटर लॉकने घड्याळ जलरोधक होत नाही. घड्याळ पाण्याला जितकं तोंड देऊ शकतं तितकंच देतं, या सोयीने फक्त टच बंद होतो. बाहेर आल्यावर क्राउन किंवा वरचं बटण दाबून ठेवून लॉक काढायचं. त्या वेळी काही घड्याळं विचित्र आवाज काढून स्पीकरमधलं पाणी बाहेर फेकतात, ते ऐकून दचकू नका. आधी काच पुसा आणि मग लॉक काढा, उलटं नको. साबण लावून अंघोळ करताना मात्र घड्याळ काढूनच ठेवलेलं बरं, कारण साबण आणि गरम पाणी या दोन्हींनी कडेचं रबर हळूहळू थकतं.

नवा गार्ड लावायचाच असेल तर पूर्ण काचेला चिकटणारी पातळ, लवचीक फिल्म घ्या. ती दिसायला टेम्पर्ड ग्लासइतकी रुबाबदार नसते, पण मधे फट ठेवत नाही. पाणी मारून लावायची फिल्म असेल तर फवारा फिल्मवर मारा, घड्याळावर नाही. लावल्यावर एक-दोन दिवस तिच्याखाली ओलावा आणि बुडबुडे राहतात. त्या काळात टच थोडा इकडेतिकडे झाला तर लगेच निष्कर्ष काढू नका. अतिनील दिव्याखाली वाळणाऱ्या द्रव गोंदाच्या काचा मी घड्याळाला लावणार नाही. गोंद बटणात किंवा स्पीकरमध्ये उतरला तर तो काढायचा कसा, हा प्रश्नच असतो.

गॅलक्सी वॉचमध्ये Settings, मग Display, त्यात Touch sensitivity अशी सोय मिळते. जाड गार्डमधून टच घेत नसेल तेव्हा ती चालू केली की फरक पडतो. पण संवेदनशीलता वाढवली की घड्याळ पाण्यालाही जास्त बिचकतं. गार्ड काढून टाकलात तर ती सोय आठवणीने बंद करा, नाहीतर उघड्या काचेवर पहिल्याच पावसात नवा गोंधळ.

घरचे उपाय कुठे संपतात

कॅल्क्युलेटरच्या कागदाकडे पुन्हा बघा. नेहमी त्याच ओळीतले किंवा त्याच उभ्या रांगेतले आकडे मेलेले असतील, म्हणजे 3, 6, 9 कधीच उमटत नाहीत, तर ती जाळीतली तार किंवा तिची जोडणी तुटल्याची खूण आहे. हे बहुधा पडल्या-आपटल्यावर होतं आणि पुसून किंवा रिस्टार्टने जात नाही. जागा दर वेळी बदलत असेल तर पाणी, गार्ड किंवा सॉफ्टवेअर यांच्यावरच संशय ठेवा. फक्त चार्जिंगवर असतानाच टच नाचत असेल तर आधी वेगळा अडॅप्टर लावून पाहा. हलक्या अडॅप्टरमधला विजेचा गोंगाट काचेपर्यंत पोचतो.

काच एका बाजूने किंचित वर आलेली दिसली, कडेला पूर्वी नसलेली फट दिसली, तर मात्र काहीही दाबून बसवायला जाऊ नका. आत बॅटरी फुगत असू शकते आणि ती खालून पडद्यावर दाब देते, त्यानेही खोटे स्पर्श होतात. घड्याळ बंद करा, चार्जिंग थांबवा, पेट घेणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवा आणि सर्व्हिस सेंटरला न्या.

तिथे जाण्याआधी फोनवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा: काच उघडी, कोरडी आणि घड्याळ आपोआप चाललंय. काउंटरवर गेलं की घड्याळ हटकून शहाण्यासारखं वागतं. आणि कागदही सोबत न्या, त्यावर कुठला आकडा किती वेळा चुकला ते लिहिलेलं असतंच.